तालिकोटच्या लढाईत बहमनी राज्य होतं का? दख्खनच्या राजवटी एकाच कागदावर मांडून बघा

तालिकोटची लढाई १५६५ सालची. विजयनगरविरुद्ध तेव्हा कोण लढलं होतं? "बहमनी" असं पटकन उत्तर देणारे बरेच जण भेटतात, पण ते चुकीचं आहे. लढाईच्या वेळी बहमनी राज्य संपून जवळपास चाळीस वर्षं झाली होती.

हा गोंधळ होण्यामागे एक साधं कारण आहे. पुस्तकात प्रत्येक राजवटीला वेगळं प्रकरण असतं. आधी बहमनी संपतात, मग विजयनगर सुरू होतं, मग मुघल येतात. वाचताना एकामागून एक आलेल्या गोष्टी डोक्यातही तशाच एकामागून एक बसतात. प्रत्यक्षात विजयनगर आणि बहमनी यांच्या स्थापनेत फक्त ११ वर्षांचं अंतर आहे.

यावर उपाय म्हणजे समांतर पट्ट्यांची टाइमलाइन. रस्त्यावर शेजारी शेजारी लेन असतात, तशी प्रत्येक राजवटीला एक लेन द्यायची आणि वर्षांची मोजपट्टी मात्र सगळ्यांना एकच ठेवायची. १३०० ते १७०० या काळातल्या दख्खनसाठी ती कशी काढायची ते बघू.

आधी मोजपट्टी ठरवा

ए-फोर कागद आडवा धरला की साधारण ३० सेंटिमीटर रुंदी मिळते. डावीकडे नावांसाठी पाचेक सेंटिमीटर सोडा. आपल्याला ४०० वर्षं बसवायची आहेत. १ सेंटिमीटर म्हणजे २० वर्षं धरली, तर २० सेंटिमीटरमध्ये काम होतं आणि उजवीकडे थोडी जागाही उरते. यात १ मिलिमीटर म्हणजे २ वर्षं.

आता कोणतंही वर्ष कुठे येणार हे काढणं सोपं आहे. त्यातून १३०० वजा करा आणि २० ने भागा. विजयनगरचं १३३६ हे वर्ष १.८ सेंटिमीटरवर येतं, १६४६ येतं १७.३ वर. म्हणजे विजयनगरची पट्टी साडेपंधरा सेंटिमीटर लांब. बाकीच्या पट्ट्या अशा:

| राजवट | काळ | पट्टी (सेंमी) |
|---|---|---|
| बहमनी | १३४७–१५२७ | २.३५ ते ११.३५ |
| इमादशाही (वऱ्हाड) | १४९०–१५७४ | ९.५ ते १३.७ |
| निजामशाही (अहमदनगर) | १४९०–१६३६ | ९.५ ते १६.८ |
| बरीदशाही (बिदर) | १४९२–१६१९ | ९.६ ते १५.९५ |
| कुतुबशाही (गोवळकोंडा) | १५१८–१६८७ | १०.९ ते १९.३५ |
| आदिलशाही (विजापूर) | १४९०–१६८६ | ९.५ ते १९.३ |

सोशल मीडियावर फिरणाऱ्या बऱ्याच टाइमलाइनमध्ये नेमकी मोजपट्टीच नसते. सारख्या आकाराचे चौकोन, मध्ये बाण, आणि प्रत्येक चौकोनात एक घराणं. तिथे ८४ वर्षांची इमादशाही आणि ३१० वर्षांचं विजयनगर सारखेच दिसतात. अशी इमेज सेव्ह करण्याआधी एकच गोष्ट तपासा. दोन ठिकाणी शंभर-शंभर वर्षांचं अंतर मोजा. ते सारखं नसेल तर ती टाइमलाइन नसून नुसती यादी आहे.

लेन घराण्याची नाही, गादीची

दिल्लीत खिलजी, तुघलक, सय्यद, लोदी, मुघल, मध्ये १५४० ते १५५५ सूर, मग पुन्हा मुघल. प्रत्येकाला वेगळी लेन दिली तर कागद भरून जाईल. पण ही घराणी एकाच सत्तेवर एकामागून एक आली, त्यामुळे त्यांची लेन एकच. तिच्यात फक्त रंग बदलायचे. विजयनगरचंही तसंच. संगम, साळुव, तुळुव आणि अरविडू ही चार घराणी एकाच पट्टीचे चार तुकडे होतील.

मग बिदरच्या बरीदांना बहमनींच्याच लेनमध्ये का नाही बसवायचं? राजधानी तर तीच. कारण दोघांचे काळ एकमेकांवर चढतात. बरीदांची सुरुवात १४९२ धरतात, पण तेव्हा ते बहमनी सुलतानाच्या नावाने कारभार बघत होते. एका लेनमध्ये एका वेळी एकच पट्टी मावते. म्हणून बहमनींना वेगळी लेन द्या आणि १४९० नंतरचा त्यांचा भाग तुटक रेषांनी भरा. सुलतान आहे, पण सत्ता हातात नाही, हे तेवढ्यानेच कळतं.

निजामशाहीलाही हाच न्याय. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, म्हणून अनेक जण पट्टी तिथेच तोडतात. पण मलिक अंबरने दुसरा निजामशहा गादीवर बसवून राज्य पुढे चालवलं. त्यामुळे १५ सेंटिमीटरपर्यंत भरीव आणि पुढे १६.८ पर्यंत तुटक.

लेनचा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. वर दिल्ली, तळाला विजयनगर, बाकीचे मध्ये. मग वरून खाली येणाऱ्या मुघलांची दिशाही डोळ्यांना दिसते.

आता उभी रेघ मारा

खरी मजा इथे आहे. १५६५ म्हणजे १३.२५ सेंटिमीटर. तिथे पट्टी ठेवून वरपासून खालपर्यंत रेघ ओढा. ती मुघलांना छेदते (अकबराचा काळ), पाचही शाह्यांना छेदते आणि विजयनगरलाही. बहमनींची पट्टी मात्र जवळपास दोन सेंटिमीटर आधीच संपलेली आहे.

अजून एक गोष्ट दिसेल. रेघेच्या उजवीकडे विजयनगरची पट्टी चार सेंटिमीटर शिल्लक आहे. तालिकोटनंतर हंपी उद्ध्वस्त झाली, पण राज्य संपलं नाही. राजधानी पेनुकोंड्याला हलली आणि अरविडू घराण्याने ते पुढे चालवलं. विजयनगरच्या वर्षांपुढे नुसतं "१५६५ पर्यंत" असं लिहून ठेवलं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा.

या रेघेची एक मर्यादाही आहे. कोण अस्तित्वात होतं एवढंच ती सांगते, कोण लढलं हे नाही. इमादशाहीची पट्टी रेघेखाली येते, पण वऱ्हाडने या लढाईत भाग घेतला नव्हता. म्हणून लढलेल्या चारही शाह्यांवर आणि विजयनगरवर छोटा ठिपका द्या, वऱ्हाड रिकामं सोडा.

दुसरी रेघ १५२६ वर, म्हणजे ११.३ सेंटिमीटरला. बाबर पानिपत जिंकतोय आणि त्याच वेळी विजयनगरच्या गादीवर कृष्णदेवराय आहे. तिसरी १६३० वर, साडेसोळाला. हे शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष. तेव्हा निजामशाही अजून शिल्लक होती, फक्त तुटक रेषेत.

पुस्तकात वर्षं वेगळी असली तर?

आदिलशाही काही ठिकाणी १४८९ पासून सांगतात, काही ठिकाणी १४९०. आपल्या कागदावर हा फरक अर्धा मिलिमीटर आहे, पेन्सिलच्या टोकाइतका. सोडून द्या. पण बहमनींचा शेवट कुठे १५१८, कुठे १५२७, कुठे १५३८ असतो. पहिल्या आणि शेवटच्या वर्षात इथे पूर्ण १ सेंटिमीटरचा फरक पडतो. असं असेल तर तुमच्या परीक्षेच्या पुस्तकातलं वर्ष घ्या आणि बाकीची वर्षं पट्टीच्या टोकाशी बारीक लिहून ठेवा.

हाताने काढायचं नसेल तर स्प्रेडशीट आहेच. बी कॉलममध्ये सुरुवातीचं वर्ष, सीमध्ये शेवटचं, आणि डीमध्ये कालावधी:

```
=C2-B2
```

मग फक्त बी आणि डी घेऊन आडवा स्टॅक्ड बार चार्ट काढा, बीचा रंग काढून टाका आणि अक्ष १३०० ते १७०० ठेवा. लाइन चार्ट टाळा, कारण वर्षं नुसती लेबलं म्हणून घेतली गेली तर ती समान अंतरावर बसतात आणि मोजपट्टी गायब होते.

मराठ्यांच्या लेनला १६७४ पासून, १८.७ सेंटिमीटरवर, भरीव पट्टी द्या. त्याआधीचा भाग तुटक आणि १७०० ला पुढे जाणारा बाण. १८१८ पर्यंत न्यायची असेल तर उरलेल्या जागेत पुढची वर्षं दाबून बसवू नका. नवा कागद घ्या, १ सेंटिमीटर म्हणजे २५ वर्षं धरा आणि सगळ्या पट्ट्या पहिल्यापासून काढा.