निष्कांचनांची मालमत्ता

कुंभकोणमला आलेला मराठी माणूस कावेरीत स्नान करतो, कुंभेश्वराचे व सारंगपाणीचे दर्शन घेतो आणि तंजावरच्या ओढीने पुढे निघतो. येथील शंकराचार्यांच्या मठाकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. वस्तुतः मराठ्यांचा या मठाशी निकटचा संबंध आहे. मठाची परंपरा सांगते की, अठराव्या शतकातील धामधुमीत कांची कामकोटी पीठाच्या आचार्यांना तंजावरच्या प्रतापसिंह महाराजांनी (1739–1763) आश्रय दिला आणि पुढे पीठ कुंभकोणमला स्थिरावले. आता ते पुन्हा कांचीपुरमला आहे.

याच चोळ देशात, कावेरीकाठच्या भूतमंगल येथील विहारात, पाचव्या शतकाच्या सुमारास बुद्धदत्त नावाच्या भिक्षूने ‘विनयविनिच्छय’ हा पद्यग्रंथ रचला. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचे ते सार होय. एकाच नदीच्या काठी नांदलेल्या या दोन संन्यासधर्मांपुढे एक समान पेच होता: ज्याने सर्वस्व टाकले, त्याच्या नावाने आलेले धन सांभाळायचे कोणी?

विनयाचे उत्तर एखाद्या दप्तरी नियमासारखे काटेकोर आहे. समजा, एखाद्या राजाने चीवरासाठी दूताबरोबर पैसे पाठविले. भिक्षूने सांगावे, “आम्ही पैसे घेत नाही, योग्य वेळी योग्य चीवर मात्र घेतो.” आपला कोणी कारभारी आहे काय, असे दूताने विचारले, तर त्याने एखाद्या उपासकाकडे बोट दाखवावे. पैसे उपासकाकडे राहतात. गरज पडली की भिक्षूने त्याच्याकडे जाऊन, मला चीवर हवे, एवढेच दोन-तीनदा म्हणावे. तेवढ्याने काम झाले नाही, तर जास्तीत जास्त सहा वेळा त्याच्यापुढे मुकाट्याने उभे राहावे. याहून अधिक खटपट करून मिळविलेले चीवर टाकावे लागते. मिळालेच नाही, तर दात्याला कळवावे की, तुमचे द्रव्य आमच्या उपयोगी पडले नाही, तुम्ही ते परत घ्या. तगादा नाही, फिर्याद नाही. उपासक लबाड निघाला, तर भिक्षूच्या हाती निरोपाखेरीज काहीच उरत नाही. आणि नियम करणाऱ्यांनी हा तोटा जाणूनबुजून पत्करला आहे.

ब्राह्मणी यतिधर्मही यतीला दंड, कमंडलू, कौपीन एवढेच ठेवतो. संन्यास घेणारा व्यवहारतः मेलाच असे धर्मशास्त्र मानते. त्याची मिळकत तत्काळ वारसांकडे जाते. परंतु मठाला जमिनी मिळाल्या, तेव्हा तेथे मधला उपासक आला नाही. मिळकत पीठाची ठरली आणि पीठावर एक व्यक्ती बसली. ती मालक नव्हे. पण तिच्या आज्ञेविना कारभार चालत नाही.

हा आज्ञेचा प्रश्न 1907 साली कसास लागला. सहासष्टावे आचार्य निवर्तले. त्यांच्यामागून आलेले आचार्यही थोड्याच दिवसांत गेले आणि चंद्रशेखरेंद्र सरस्वती अवघ्या बाराव्या वर्षी पीठावर आले. शिष्यांना ते जगद्गुरू, कायद्याला मात्र अज्ञान बालक! आचार्य वयात येईपर्यंत, 1911 ते 1915 या काळात, मठाचा कारभार कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे गेला. ज्याने लौकिक नाती तोडली, त्याला सरकारने पालक दिला. सरकारी दप्तरात आयुष्य काढणाऱ्या आमच्या वाचकांना यातील विसंगती निराळी सांगावयास नको.

विनयात असा प्रसंग उद्भवला नसता, कारण तेथे आज्ञापालन एका गादीशी बांधलेले नाही. नवा भिक्षू निदान पाच वर्षे गुरूच्या आश्रयाने राहतो. पण गुरू चुकत असेल, तर त्याला सावरणे हेही शिष्याचे कर्तव्य आहे. अखेरचा निर्णय संघाचा. बुद्धाने आपल्यामागे वारस नेमला नाही.

मौनाचा अर्थही यावरूनच ठरतो. यतीचे मौन हे तप आहे. चंद्रशेखरेंद्र सरस्वती पुढे काष्ठमौन पाळीत. त्यात खुणेनेही बोलायचे नसते. भिक्षूंनी मात्र एकदा सबंध वर्षावास न बोलता घालविला, तेव्हा बुद्धाने त्यांना, तुम्ही गुरांसारखे राहिलात, असे फटकारले आणि वर्षावासाच्या शेवटी एकमेकांना आपले दोष विचारण्याचा विधी घालून दिला. पंधरवड्याच्या पातिमोक्खपठणात तर मौन ही साक्षच ठरते: “तुम्ही शुद्ध आहात ना?” असे तीनदा विचारल्यावर दोषी भिक्षू गप्प राहिला, तर तो जाणून खोटे बोलला असे धरतात.

दोहोंत श्रेष्ठ कोणते, हे आम्ही ठरवीत नाही. चोळ देशातील भिक्षुसंघ लोपला, मठ मात्र राहिला. मात्र कोर्ट ऑफ वॉर्ड्सचा तो प्रसंग आठवला की, उपासकाच्या दारी सहाव्यांदा मुकाट उभा राहून रित्या हाताने परतणारा भिक्षू आमच्या डोळ्यांपुढे येतो. धन बुडाले तरी चालेल, पण त्यासाठी कोणाच्या दरबारी जायचे नाही, एवढे त्याने आधीच ठरविले होते.