एक पिशवी, तीन तापमाने : रक्तबिंबिकांना थंडी का सोसत नाही?

(१)
डेंग्यूच्या दिवसांत रक्तपेढीच्या खिडकीशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "प्लेटलेटची पिशवी आजच घेऊन फ्रिजमध्ये ठेवली तर चालेल का?" उत्तर ठाम नकाराचे असते. मात्र हा नकार वैद्यकाला ठाऊक नव्हता असा मोठा काळ होऊन गेला. तो कसा कळला आणि त्याची कोणती किंमत द्यावी लागली, याचा हा धागा.

(२)
आरंभ पहिल्या महायुद्धापासून करू. १९१६ मध्ये राऊस आणि टर्नर यांनी दाखवले की सायट्रेट व ग्लुकोज मिसळलेल्या रक्तातील तांबड्या पेशी थंडीत कित्येक दिवस टिकतात. पुढच्याच वर्षी ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकी डॉक्टराने फ्रान्समधील आघाडीवर हे ज्ञान वापरले. रक्त आगाऊ काढून, बाटल्यांत भरून, बर्फात जपून तो जखमींपर्यंत नेऊ लागला. रक्त साठवायचे म्हणजे ते थंड ठेवायचे, हे समीकरण तेव्हापासून रूढ झाले.

(३)
१९४३ मध्ये ब्रिटनमध्ये लूटिट व मॉलिसन यांनी आम्लयुक्त सायट्रेट-ग्लुकोजचे द्रावण सिद्ध केले आणि ४ अंश सेल्सिअसला रक्त तीन आठवडे टिकू लागले. यामागचे कारण सोपे आहे. तांबडी पेशी ग्लुकोजवर जगते. थंडीत तिचा चयापचय मंदावतो, शिदोरी पुरते आणि जंतूंची वाढही रोखली जाते. मात्र रक्त गोठणबिंदूखाली गेले की बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. म्हणून आजही तांबड्या पेशींचे घर २ ते ६ अंश हेच आहे.

(४)
या यशात एक गोष्ट झाकली गेली. बाटलीत केवळ तांबड्या पेशी नव्हत्या. १९१० मध्येच बोस्टनमध्ये विल्यम ड्यूक यांनी रक्तबिंबिका कमी झालेल्या, रक्तस्राव न थांबणाऱ्या रुग्णाला ताजे रक्त दिले होते. रक्तबिंबिका वाढल्या आणि रक्तस्राव थांबला. इथे महत्त्वाचा शब्द 'ताजे' हा होता. पेढीतल्या थंड रक्ताला हा गुण नव्हता, पण त्या काळी त्याची झळ फारशी कुणाला लागली नाही.

(५)
ती झळ १९५० नंतर लागली. रक्ताच्या कर्करोगावर औषधे निघाली, परंतु मुले रक्तस्रावाने दगावत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्रायराइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तबिंबिकांची संख्या व रक्तस्राव यांचा संबंध मोजला आणि तो १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. संख्या जितकी खाली, रक्तस्राव तितका अधिक. आता रक्तबिंबिका वेगळ्या काढून देण्याची निकड निर्माण झाली.

(६)
वेगळ्या काढण्याचे साधन तोवर हाती आले होते. १९५० च्या सुमारास कार्ल वॉल्टर व विल्यम मर्फी (धाकटे) यांनी काचेच्या बाटलीऐवजी प्लास्टिकची पिशवी आणली. बाटलीतून द्रव काढताना आत हवा सोडावी लागे आणि हवेबरोबर जंतूही शिरत. पिशवी मात्र दाबता येते. तिला नळीने आणखी पिशव्या जोडल्या की बाहेरची हवा न लागता रक्त एकीतून दुसरीत सरकवता येते.

(७)
आजच्या पेढीतली एक पिशवी डोळ्यांपुढे आणू. सकाळी दहा वाजता दात्याने ४५० मिलिलिटर रक्त दिले. पिशवीत रक्त गोठू न देणारे ६३ मिलिलिटर द्रावण आधीच आहे, म्हणजे एकूण ५१३ मिलिलिटर. शेजारी दोन रिकाम्या पिशव्या नळीने जोडलेल्या आहेत. या पिशवीतून रक्तबिंबिका हव्या असतील तर ती बर्फावर ठेवता येत नाही. २० ते २४ अंशांतच तिला पेढीत आणायचे आणि साधारण सहा ते आठ तासांच्या आत विभाजन करायचे.

(८)
समोरासमोरचे प्याले वजनाने समतोल करून पिशव्या सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवतात. पहिली फेरी हलकी असते : गुरुत्वाच्या सुमारे २,००० पट बळ, साधारण तीन मिनिटे. तांबड्या पेशी मोठ्या आणि जड असल्याने तळाला जातात. रक्तबिंबिका अवघ्या दोन-तीन मायक्रॉनच्या. द्रवातून खाली जाण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणून त्या मागे रेंगाळतात आणि वरच्या पिवळसर द्रवातच तरंगत राहतात. विभाजनाची सारी युक्ती या रेंगाळण्यात आहे.

(९)
युक्ती नाजूक आहे. फेरी लांबली तर रक्तबिंबिकाही तांबड्या थराला जाऊन मिळतात आणि वरच्या द्रवात फारसे काही उरत नाही. फेरी अपुरी पडली तर द्रवाला गुलाबी झाक येते, म्हणजे तांबड्या पेशी वर राहिल्या. यंत्र झटक्याने थांबवले किंवा पिशवी उचलताना हिंदकळली तर बसलेले थर पुन्हा मिसळतात. ही मिनिटे प्रत्येक पेढीने आपल्या यंत्रावर तपासून ठरवायची असतात.

(१०)
मग पिशवी दाबयंत्राच्या दोन फळ्यांमध्ये उभी करतात. वरचा द्रव, सुमारे २४० मिलिलिटर, हळूहळू दुसऱ्या पिशवीत जातो. पहिलीत जवळपास २७० मिलिलिटर उरते, त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास तांबड्या पेशी. नळी सील करून ही पिशवी २ ते ६ अंशांच्या शीतपेटीत जाते. सी-पी-डी-ए द्रावणात तिची मुदत ३५ दिवस. थंडीचा जुना नियम इथे खरा ठरतो.

(११)
उरलेल्या दोन पिशव्यांची दुसरी फेरी जड असते : सुमारे ५,००० पट बळ, पाच मिनिटे. आता रक्तबिंबिकाही तळाला बसतात. वरचा १८० मिलिलिटरच्या आसपासचा प्लाझ्मा तिसऱ्या पिशवीत काढून लगेच उणे ३० अंश किंवा त्याखाली गोठवतात. प्लाझ्मात पेशी नसल्याने बर्फाचे भय नाही. उलट, गोठण घडवणारे पाचवा आणि आठवा हे घटक द्रवावस्थेत लवकर क्षीण होतात, म्हणून इथे कडक गारठाच रक्षणकर्ता. अशा प्लाझ्माची मुदत एक वर्ष.

(१२)
दुसऱ्या पिशवीत उरतो रक्तबिंबिकांचा थर आणि ५० ते ६० मिलिलिटर प्लाझ्मा. ही पिशवी तासभर न हलवता ठेवतात, कारण जड फेरीने त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. लगेच हलवले तर गाठी बनतात. तासाभराने त्या मोकळ्या होऊन द्रवात मिसळतात. प्रश्न उरतो तो एवढाच : हिला कोणते तापमान द्यायचे?

(१३)
१९६० च्या दशकात उत्तर गृहीत धरलेले होते : ४ अंश. त्या गृहीतकाची परीक्षा फिलाडेल्फियात स्कॉट मर्फी व फ्रँक गार्डनर यांनी घेतली. निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तबिंबिका काढून काही ४ अंशांना, काही २२ अंशांना ठेवल्या. त्यांना किरणोत्सारी क्रोमियमची खूण लावली, त्या ज्याच्या त्याला परत दिल्या आणि किती दिवस रक्तात फिरतात ते मोजले.

(१४)
१९६९ मध्ये निष्कर्ष छापून आला. एक दिवसाहूनही कमी काळ थंडीत राहिलेल्या रक्तबिंबिकांचे शरीरातील आयुष्य लक्षणीय घटले होते. खोलीच्या उष्णतेत ठेवलेल्या मात्र चार दिवसांनंतरही चांगल्या फिरत होत्या. जपणूक म्हणून दिलेली थंडीच त्यांना अल्पायुषी करत होती. पिशवीवर नाव रक्तबिंबिकांचेच, पण रुग्णाच्या रक्तात त्यांचा मुक्काम थोडाच.

(१५)
कारण समजायला आणखी काही दशके लागली. थंडीत चपटी रक्तबिंबिका गोल होते, तिला काटे फुटतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतेच. २००३ मध्ये बोस्टनच्या हॉफमाइस्टर, हार्टविग, स्टॉसेल यांच्या गटाने दाखवले की थंडीने तिच्या पृष्ठभागावरील एक विशिष्ट प्रथिन पुंजके करून गोळा होते. यकृतातील भक्षक पेशी ते पुंजके ओळखतात आणि रक्तबिंबिका गिळून टाकतात.

(१६)
उबेने प्रश्न सुटला, पण नवे दोन उभे राहिले. पहिला श्वासाचा. २२ अंशांना रक्तबिंबिका जागी असते. तिला प्राणवायू लागतो. तो न मिळाल्यास लॅक्टिक आम्ल साठते, आम्लता वाढते आणि पीएच ६ च्या आसपास उतरला की ती निकामी होते. १९७० च्या दशकात मर्फी व गार्डनर यांनीच दाखवले की पिशवीच्या प्लास्टिकमधून वायू किती आरपार जातो यावर सारे अवलंबून आहे. पिशवी अखंड हलवत ठेवणाऱ्या यंत्राचे प्रयोजनही हेच : वायूची देवाणघेवाण चालू राहते आणि आम्ल एका जागी साठत नाही.

(१७)
तपासणीची एक युक्ती फार सुंदर आहे. तंत्रज्ञ पिशवी उजेडासमोर धरून हलकेच हलवतो. चपट्या, सुस्थितीतील रक्तबिंबिका प्रकाश वेगवेगळ्या दिशांनी परावर्तित करतात, त्यामुळे द्रवात रेशमासारखी सळसळणारी झळाळी दिसते. थंडीने किंवा आम्लाने गोल झालेल्या रक्तबिंबिकांत ती हरवते. द्रव नुसताच गढूळ भासतो. अशी पिशवी बाजूला काढतात.

(१८)
दुसरा प्रश्न जंतूंचा, आणि तो झळाळी पाहून सुटत नाही. दात्याच्या त्वचेवरून सुईसोबत आलेला एखादा जंतू ४ अंशांना मंद राहिला असता. २२ अंशांना तो वाढतो. नव्या प्लास्टिकमुळे अमेरिकेने १९८४ मध्ये मुदत सात दिवसांवर नेली, पण जंतुसंसर्गाच्या घटना पुढे आल्याने १९८६ मध्ये ती पुन्हा पाच दिवस केली. पेशी सात दिवस तग धरत होत्या. मुदत ठरवली ती जंतूंनी.

(१९)
आणि थंडी? ती पूर्ण हद्दपार झाली नाही. थंड रक्तबिंबिका अल्पायुषी असल्या तरी लगेच चिकटतात. अपघातात रक्त वाहत असलेल्या माणसाला त्या चार दिवस नव्हे, याच घटकेला हव्या असतात. म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी चालू रक्तस्रावासाठी, नेहमीच्या रक्तबिंबिका मिळत नसतील तेव्हा, थंड साठवलेल्या रक्तबिंबिका चौदा दिवसांपर्यंत वापरण्याची वाट मोकळी केली. डेंग्यूच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाला दिवसेंदिवस फिरणारी संख्या हवी असते. त्यांच्यासाठी १९६९ चाच निकाल लागू आहे.

(२०)
म्हणून खिडकीवरचा तो नकार. घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेली पिशवी सकाळी तितकीच भरलेली दिसेल, रंगही बदललेला नसेल. पण त्यातल्या रक्तबिंबिका नसेत गेल्यावर यकृत त्यांना निवडून बाहेर काढेल, आणि दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत आकडा वाढलेला नसेल. पिशवी हवी त्या वेळीच न्यावी, बर्फावर ठेवू नये, आणि वॉर्डात पोहोचताच चढवावी.