रक्त देऊनही रक्तस्राव थांबेना

१९१७ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील कांब्रे येथील रणांगणावर ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन डॉक्टराने जखमी सैनिकांना बाटलीतले रक्त दिले. ते गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळले होते, आणि बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या होत्या. पुढे कोरियाच्या युद्धात गंभीर जखमींना अखंड रक्त मिळाले. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढला सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

१९७० च्या सुमारास रक्तपेढ्यांनी रक्ताची वाटणी रूढ केली. तांबड्या पेशी शीतपेटीत, रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा गोठवून, आणि प्लेटलेट या सूक्ष्म कणिका खोलीच्या तपमानात, सतत हलत्या ठेवून. यात काटकसर होती आणि शहाणपणही होते. पांडुरोग्याला पेशी पुरतात, तर रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्याला बहुधा प्लेटलेट हव्या असतात. एका दात्याच्या दानातून तिघांची सोय होई. पण ज्याची धमनी तुटली आहे, तो तिन्ही वस्तू एकाच वेळी गमावत असतो. त्याला मात्र प्रथम मिठाचे पाणी आणि मग पेशींच्या पिशव्या, असा परिपाठ पडला.

याचा परिणाम काय होतो, ते हिशेबाने पाहू. तळाशी भोक पडलेला ताकाचा रांजण घ्या. जेवढे ताक गळते तेवढेच पाणी वरून ओतत राहा. रांजण सदैव भरलेला दिसेल, पण ताक पातळ होत जाईल. माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. ५ लिटर गळले आणि तेवढीच भर पेशी व पाणी यांनी केली, तर रक्त गोठविणारी मूळ द्रव्ये सुमारे ३७ टक्के उरतात. १० लिटरांनंतर जेमतेम १४ टक्के. ज्याच्या प्लेटलेट अडीच लाख होत्या, त्याच्या या हिशेबाने ३५ हजारांच्या आसपास येतात. शल्यविशारदाने मुख्य धमनी बांधलेली असते, तरीही सुईच्या छिद्रांतून, हिरड्यांतून, जखमेच्या कडांतून रक्त पाझरते, आणि भांड्यात साचलेल्या रक्ताची गुठळी होत नाही. संकट ओळखण्याची खूण ती हीच.

या विरळपणाला दोन सोबती मिळतात. शीतपेटीतले रक्त ४ अंशांचे असते. ते भराभर दिले, पोट उघडे राहिले, की अंग गार पडते. आणि गोठविणारी द्रव्ये थंडीत मंदावतात. दुसरा सोबती आम्लता. रक्त न पोचलेल्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते आणि ती द्रव्ये आणखी दुबळी होतात. रक्त गोठत नाही म्हणून स्राव वाढतो, स्रावाने थंडी व आम्लता वाढते, आणि त्यांनी पुन्हा स्राव. १९८२ साली डेन्व्हरच्या शल्यविशारदांनी या दुष्टचक्राचे वर्णन केले. पुढे ‘घातक त्रिकूट’ हे नाव रूढ झाले. एक फसगत येथे सांगितली पाहिजे. प्रयोगशाळेत नमुना ३७ अंशांवर ऊबवून तपासतात. त्यामुळे रोगी ३३ अंशांवर गारठलेला असला, तरी थंडीचा दोष अहवालात दिसतच नाही.

उपाय म्हणून २००३ नंतर बगदादच्या अमेरिकन लष्करी रुग्णालयात पेशींबरोबर रक्तद्रवही सढळपणे दिला जाऊ लागला. २००७ साली २४६ जखमींचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ज्यांना पेशींच्या सुमारे ८ पिशव्यांमागे रक्तद्रवाची एक मिळाली, त्यांच्यातले ६५ टक्के दगावले. जवळजवळ बरोबरीने मिळाली, त्यांच्यातले १९ टक्के.

हे आकडे पाहून आपण लगेच हुरळून जाऊ नये. गोठलेला रक्तद्रव वितळायला अर्धा-पाऊण तास लागतो. जो पहिल्या पंधरा मिनिटांतच गेला, त्याला तो मिळणार कसा? म्हणजे रक्तद्रवाने माणूस जगला, की जगला म्हणून त्याला रक्तद्रव मिळाला, हा प्रश्न उरतोच.

त्याचा निवाडा करण्यासाठी अमेरिकेत ६८० जखमींवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून प्रयोग झाला. एका गटाला रक्तद्रव, प्लेटलेट आणि पेशी समप्रमाणात. दुसऱ्या गटात पेशींचे प्रमाण दुप्पट. २०१५ साली निष्कर्ष आला. एकूण मृत्यूंत निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. परंतु पहिल्या २४ तासांत रक्तस्रावाने दगावणारे दुसऱ्या गटात १४.६ टक्के होते, ते समप्रमाण गटात ९.२ टक्केच होते. बगदादच्या आकड्यांइतका हा फरक मोठा नाही, पण तो भरवशाचा आहे.

आणि समप्रमाण म्हणजे तरी काय? वेगळे केलेले तीन भाग पुन्हा एकत्र आणणे. त्या मिश्रणातही सायट्रेटचे पाणी असतेच, म्हणून ते मूळ रक्ताहून विरळच राहते. यामुळे काही ठिकाणी आज जखमींना पुन्हा अखंड रक्त देऊ लागले आहेत. अखंड रक्तात जे एकत्र होते, ते वाटून पुन्हा जोडायला वैद्यकाला अनेक दशके लागली.