प्रतिजैविके, दुभत्या जनावरांतील

जंतुसंसर्ग झालेल्या गाई-म्हशींना दिली जाणारी, जंतूंना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी औषधे. दुधाच्या गोठ्यात ती सर्वाधिक वापरली जातात ती कासदाहासाठी. खेड्यापाड्यांत या आजाराला ‘दगडी’ म्हणतात. कास कडक होते, दुधात गुठळ्या येतात, म्हणून हे नाव. प्रतिजैविकांचा अनावश्यक वापरही याच आजारात सर्वांत जास्त होतो. त्यामुळे हा विषय येथे कासदाहाच्या अनुषंगानेच मांडला आहे.

कासदाहाच्या तीन पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त दूध बिघडते : पाणचट होते, फुटल्यासारखे दिसते किंवा त्यात गुठळ्या येतात. दुसरीत त्यासोबत कासेचा तो भाग सुजतो, गरम लागतो, दुखतो. तिसरीत गाय स्वतःच आजारी पडते. ताप येतो, खाणे सुटते, रवंथ थांबतो, काही वेळा ती उठत नाही. तिसऱ्या पायरीवर वाट पाहणे घातक ठरते. पशुवैद्याला तासाभरात बोलवावे. सलाईन, दाह कमी करणारे औषध आणि प्रतिजैविक तिथे लागतेच. पुढचे सारे विवेचन पहिल्या दोन पायऱ्यांचे आहे.

गुठळ्या दिसल्या म्हणजे जंतू जिवंत आहेत, हा समज गोठ्यात पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात गुठळ्या म्हणजे लढाईनंतर रणात पडलेला कचरा. शेणातून येणाऱ्या ई. कोलाय या जंतूने सौम्य कासदाह झाला, तर गाईच्या रक्तातील पांढऱ्या पेशी कासेत धावून येतात आणि मालकाला दूध बिघडलेले दिसेपर्यंत बहुतेकदा काम उरकूनही टाकतात. म्हणूनच प्रयोगशाळेत पाठवलेल्या बऱ्याच नमुन्यांत एकही जंतू वाढत नाही. अशा गाईला सडातून प्रतिजैविकाची ट्यूब दिली काय आणि न दिली काय, दूध निवळायला चार-सहा दिवस लागतातच. नेमके हेच दिवस घोळाचे असतात. दोन दिवसांत दूध सुधारले नाही म्हणून औषध बदलले जाते, मग ट्यूबवर इंजेक्शन चढते, आणि सहाव्या दिवशी गाय बरी झाली की श्रेय शेवटच्या औषधाला मिळते.

एक उदाहरण घेऊ. पाच संकरित गाईंचा गोठा. सकाळच्या धारेला एका गाईच्या मागच्या उजव्या सडातून गुठळ्या आल्या. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या पेल्यात किंवा गडद फडक्यावर घेतल्या, म्हणून त्या लगेच दिसल्या. कास किंचित सुजली आहे, पण गाय वैरण खाते, ताप नाही. आता औषधाआधी नमुना घ्यायचा. सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने स्वच्छ पुसावे, सुरुवातीच्या काही धारा टाकून द्याव्यात आणि मग निर्जंतुक बाटली आडवी धरून त्यात थोडे दूध घ्यावे. बाटलीचे तोंड सडाला लागू देऊ नये. बर्फात ठेवून ती त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावी. औषध सुरू केल्यावर घेतलेला नमुना दिशाभूल करतो.

निकाल येईपर्यंतचे 24 तास रिकामे बसायचे नसतात. ते सड पूर्ण पिळून रिकामे करत राहावे, ही गाय सर्वांत शेवटी पिळावी, आणि दाह-वेदना कमी करणारे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम यांचा लेप सुचवते. सौम्य आजारात तो लावायला हरकत नाही, मात्र ताप चढलेल्या गाईला लेपावर ठेवू नये. या काळात गाय खायची थांबली, तर निकालाची वाट न पाहता उपचार सुरू करायचे.

नमुन्यात काहीच वाढले नाही किंवा ई. कोलाय सापडला आणि गाय सुधारत असेल, तर ट्यूब द्यायची नाही. स्ट्रेप्टोकॉकस सापडला, तर पेनिसिलिन गटातील ट्यूब चांगली लागू पडते. पशुवैद्य सांगेल तितकेच दिवस ती द्यावी, मनाने कमी वा जास्त करू नये. जुनाट स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा यातला हट्टी जंतू. तो कासेच्या पेशींत दडून बसतो आणि औषधांचे कोर्सवर कोर्स करूनही परत येतो. अशा वेळी ते एक सड कायमचे बंद करणे शहाणपणाचे. आणखी इंजेक्शने ही पैशाची नासाडी होय. तसेच, वरून निरोगी दिसणारे दूध कासदाहाच्या द्रवचाचणीत जेलीसारखे घट्ट झाले, एवढ्यावरून दुभत्या काळात ट्यूब भरू नये.

औषध दिल्यावर दूध किती दिवस विकायचे नाही, ते वेष्टनावर छापलेले असते. भारतीय औषध नियमांनुसार, ज्या औषधासाठी ही मुदत तपासून ठरवलेली नाही, त्यासाठी दूध आणि अंड्यांना ती किमान 7 दिवस आणि जनावरे व कोंबड्यांच्या मांसाला किमान 28 दिवस धरतात. एका सडात ट्यूब दिली तरी चारही सडांचे दूध वगळावे लागते. उकळल्याने बहुतेक प्रतिजैविके पुरती नष्ट होत नाहीत. दुधाला विरजण लागत नाही, ही तक्रार कधीकधी इथूनच उगम पावते. हे दूध वासराला पाजण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती वाईट आहे : त्या थोड्या मात्रेवर वासराच्या आतड्यात औषधाला दाद न देणारे जंतूच तेवढे पोसले जातात.

प्रतिरोध माणसापर्यंत पोचतो तोही आतड्यातूनच. ट्यूबचे औषध बरेचसे कासेत राहते. इंजेक्शनचे सगळ्या अंगात फिरते. आपल्याकडे गाईला सहज टोचले जाणारे सेफ्ट्रियाक्सोन पित्तावाटे आतड्यात उतरते. तिथे कोट्यवधी जंतू निरुपद्रवीपणे नांदत असतात. त्यांतले दुबळे मरतात, प्रतिरोधी उरतात आणि गाईच्या शेणासोबत गव्हाणीपासून ओढ्यापर्यंत जातात. शिवाय प्रतिरोधाचा जनुक अनेकदा प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या कडीवर असतो आणि ती कडी एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देतो. दूध उकळून पिण्याच्या आपल्या सवयीने एक वाट बरीचशी बंद केली आहे. धार काढणाऱ्याचे हात, शेणखतावरचा कच्चा भाजीपाला आणि विहिरीचे पाणी या वाटा उघड्याच आहेत. हेच सेफ्ट्रियाक्सोन दवाखान्यात विषमज्वराच्या रुग्णाला देतात.

ही साखळी आकड्यांत दिसली ती गाईंत नव्हे, कोंबड्यांत. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात उबवणी केंद्रे अंड्यांतच सेफ्टियोफर टोचत असत. ते सेफ्ट्रियाक्सोनचे सख्खे भावंड. 2005 मध्ये केंद्रांनी हा वापर आपणहून थांबवला. साल्मोनेला हायडेलबर्ग या जंतूच्या नमुन्यांत प्रतिरोधी जंतूंचे प्रमाण 2004 ते 2006 या काळात दुकानातील कोंबडीत 62 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आले आणि आजारी माणसांत 36 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर. ज्यांनी कधी उबवणी केंद्राचे दारही पाहिले नव्हते, अशांच्या पोटातला हा फरक होता. 2007 मध्ये अंशतः वापर पुन्हा सुरू झाला आणि प्रतिरोधही पुन्हा वाढू लागला. कॅनडाच्या कुक्कुट व्यवसायाने सेफ्टियोफरच्या वर्गातील औषधांचा प्रतिबंधक वापर 2014 मध्ये बंद केला.