बीपी मशीनवर अनियमित ठोक्यांचं चिन्ह दिसलं, तर पुन्हा मोजून काही कळतं का?

घरच्या बीपी मशीनचा पट्टा सुटतो, स्क्रीनवर १३४/८२ असा आकडा येतो आणि शेजारी एक वेगळंच हृदय दिसतं. कुठल्या मशीनवर त्या हृदयाभोवती लहरी असतात, तर कुठल्या मशीनवर हृदयातून वाकडीतिकडी रेघ गेलेली असते. लगेच स्क्रीनचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो आणि 'हार्ट अटॅक तर नाही ना?' इथपर्यंत चर्चा पोहोचते.

आधी एक गोंधळ दूर करूया. मोजणी सुरू असताना प्रत्येक ठोक्याबरोबर लुकलुकणारं साधं हृदय वेगळं. ते फक्त 'ठोका मिळाला' एवढंच सांगतं. आपण बोलतोय ते मोजणी संपल्यावर आकड्यांसोबत राहणाऱ्या चिन्हाबद्दल, म्हणजे अनियमित ठोक्यांच्या इशाऱ्याबद्दल. तुमच्या मशीनवर ते नेमकं कसं दिसतं, हे सोबतच्या माहितीपत्रकात चित्रासह दिलेलं असतं. (हो, बॉक्समध्ये तसंच पडून राहिलेलं ते पत्रक.)

मशीनला हे कळतं कसं?

या मशीनमध्ये ईसीजी नसतो. हृदयातली विद्युत हालचाल तिला दिसत नाही. दंडावरचा पट्टा फुगतो आणि हळूहळू सैल होताना, दंडातून जाणाऱ्या रक्ताच्या प्रत्येक लाटेमुळे पट्ट्यातल्या हवेचा दाब किंचित हलतो. मशीन हे हेलकावे टिपते आणि त्यांच्यावरूनच रक्तदाब काढते. दोन हेलकाव्यांमध्ये किती वेळ गेला, हेही तिला आयतंच मिळतं. चिन्ह ठरतं ते याच वेळेवरून.

ओमरॉनच्या अनेक मशीनच्या माहितीपत्रकात याची व्याख्या दिली आहे. त्या मोजणीतल्या सरासरी लयीपेक्षा २५ टक्क्यांहून कमी किंवा जास्त अंतर दोन किंवा अधिक वेळा आढळलं, तर चिन्ह दिसतं. इतर कंपन्यांचे निकष वेगळे असू शकतात, पण तत्त्व हेच.

आता थोडा हिशोब करू. समजा एका काकूंची नाडी मिनिटाला ७२ आहे. म्हणजे दोन ठोक्यांत साधारण ०.८३ सेकंद. २५ टक्क्यांची सूट धरली तर ०.६२ ते १.०४ सेकंद हे अंतर मशीनला चालतं. मोजणीच्या मध्येच एक ठोका लवकर, ०.५ सेकंदातच पडला. अशा अवेळी ठोक्यानंतर हृदय बऱ्याचदा जरा जास्त थांबतं, त्यामुळे पुढचा ठोका १.१६ सेकंदांनी आला. एक अंतर फार कमी, दुसरं फार जास्त. दोन्ही मर्यादेबाहेर. म्हणजे एकाच चुकार ठोक्याने दोनदा अनियमितता नोंदवली गेली आणि चिन्ह आलं! बाकीचे सगळे ठोके एकदम शिस्तीत होते.

असे चुकार ठोके निरोगी माणसांनाही पडतात. डॉक्टर त्यांना 'एक्टोपिक' म्हणतात. छातीत 'एक ठोका चुकल्यासारखं' वाटतं ते बहुतेकदा हेच, आणि कित्येकांना तर ते जाणवतही नाहीत. तरुणांमध्ये श्वास घेताना ठोके जलद आणि सोडताना संथ होतात. बीपी कमी यावं म्हणून कुणी मोजणीच्या वेळी मुद्दाम खोल श्वास घेत बसलं, तर हा फरक वाढतो आणि चिन्ह येऊ शकतं.

शिवाय मशीनला हेलकावा म्हणजे हेलकावाच. तुम्ही बोललात, हात हलवलात, खोकलात, थंडीने कुडकुडलात, तर हवेच्या दाबात पडलेला तो धक्का तिला ठोका वाटू शकतो. पट्टा सैल असेल किंवा जाड बाहीवरून बांधला असेल, तर काही खरे ठोके निसटतात आणि मध्ये खोटी पोकळी तयार होते.

मग खरी काळजी कशाची?

एट्रियल फिब्रिलेशनची, थोडक्यात 'एएफ'ची. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात आणि ठोक्यांमधली अंतरं सलग बेताल होतात. वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूपर्यंत गेली तर पक्षाघात होतो. एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, असं मानलं जातं. वय वाढेल तसा हा आजार वाढतो, उच्च रक्तदाब हे त्याचं एक मोठं कारण आहे आणि अनेकांना त्याचं एकही लक्षण जाणवत नाही. म्हणूनच ६५ वर्षांच्या बीपीच्या रुग्णाला दिसलेलं चिन्ह आणि २५ वर्षांच्या मुलाला एकदा दिसलेलं चिन्ह यांचं वजन सारखं नाही.

पुन्हा मोजण्याचा उपयोग इथे होतो. हात हलल्याचा धक्का किंवा एखादा चुकार ठोका पुढच्या मोजणीत पुन्हा येईलच असं नाही. सतत असलेला एएफ मात्र एका मिनिटाने गायब होत नाही. म्हणून पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवा. न बोलता, नेहमीसारखा श्वास घेत, एकेका मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजा.

वरच्या काकूंना तीनपैकी एकदाच चिन्ह आलं आणि पुढच्या काही दिवसांत सकाळ-संध्याकाळ मोजूनही आलं नाही, तर पुढच्या नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घालणं पुरेसं. तीनपैकी दोनदा किंवा तिन्ही वेळा आलं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच, तर त्याच आठवड्यात ईसीजी काढून घ्यावा.

तीनदा मोजण्याची ही कल्पना काही मशीनमध्येच बसवलेली असते. मायक्रोलाइफ कंपनीच्या वॉचबीपी होम ए या मशीनमध्ये एएफ ओळखण्याची वेगळी सोय आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये दवाखान्यात बीपी तपासतानाच एएफची शक्यता हेरण्यासाठी तिची शिफारस केली होती. पण अशा मशीननेही इशारा दिला, तरी निदान पक्कं होतं ते ईसीजीनेच.

पुन्हा मोजण्याला मर्यादाही आहेत. एएफ काही जणांना येऊन-जाऊन असतो. मोजताना तो नसेल तर चिन्ह येणार नाही. हृदय मिनिटाला १५० ठोके एकसारख्या अंतराने मारत असेल, तर तो आजार असूनही मशीनच्या लेखी सगळं नियमितच. म्हणून चिन्हाइतकंच नाडीच्या आकड्याकडेही बघा. ठोके बेताल असताना खुद्द बीपीचा आकडाही मोजणीगणिक बदलतो. अशा वेळी एका आकड्यावर गोळी वाढवू-कमी करू नका, तिन्हींची सरासरी डॉक्टरांना दाखवा.

छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं यांपैकी काही असेल, तर दुसऱ्यांदा मोजायच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे जाताना मशीन सोबतच न्या. बहुतेक मशीन आकड्यांबरोबर चिन्हही मेमरीत साठवतात, त्यामुळे कोणत्या दिवशी किती वाजता ते आलं हे तिथेच दिसतं. ईसीजी काही सेकंदांचाच असतो, तेवढ्यात लय ठीक निघाली आणि घरी चिन्ह येतच राहिलं, तर होल्टर नावाचं छोटं यंत्र २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ अंगाला लावून प्रत्येक ठोक्याची नोंद घेता येते.