बाजार मध्येच का थांबतो?

शेअरबाजाराशी आपला संबंध असो वा नसो, 'सर्किट लागले' हा शब्दप्रयोग आपल्या कानांवरून गेलेला असेलच. गंमत अशी, की या एकाच शब्दाने दोन निराळ्या गोष्टी सांगितल्या जातात. कधी सगळा बाजारच काही काळ बंद पडतो. कधी बाजार चालू असतो, पण एखाद्या कंपनीचा भाव ठरलेल्या हद्दीपलीकडे जाऊ शकत नाही. या दोन्हींची गल्लत केली, तर नुकसान केवळ भाषेचे होत नाही, खिशाचेही होते.

पहिल्या प्रकाराचा उगम शोधायचा, तर १९८७ सालच्या ऑक्टोबरात जावे लागते. १९ तारखेच्या सोमवारी न्यूयॉर्कच्या बाजारात डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात ५०८ अंकांनी, म्हणजे जवळजवळ २३ टक्क्यांनी कोसळला. विक्रीचा लोंढा एवढा मोठा होता, की भाव दाखवणारी यंत्रणाच मागे पडली. आपण कोणत्या भावाने विकतो आहोत, हे विकणाऱ्यालाही कळेना. दुसऱ्या दिवशी हाँगकाँगच्या बाजाराने धसका घेतला आणि थेट दारेच लावून घेतली. एक दिवस नव्हे, तो आठवडा संपेपर्यंत. २६ तारखेला दारे उघडली, तेव्हा त्या एकाच दिवसात तिथला निर्देशांक एक तृतीयांशाने खाली आला. चार दिवस ज्यांना विकता आले नव्हते, ते सगळे एकाच वेळी दारात उभे होते ना!

बाजार थांबवला म्हणजे माणसे शांत होतात, हे म्हणूनच अर्धेच खरे आहे. विराम किती वेळाचा आणि तो कोण ठरवणार, हे आधीपासून ठाऊक नसेल, तर विरामच भीतीचे कारण होऊन बसतो. अमेरिकेत निकोलस ब्रॅडी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८८च्या जानेवारीत अहवाल दिला आणि सर्किट ब्रेकरची कल्पना मांडली. तिचे मर्म हेच होते, की थांबायचे ते कुणा अधिकाऱ्याच्या लहरीवर नव्हे. किती घसरण झाली म्हणजे किती वेळ थांबायचे, हे आधीच जाहीर असावे.

आपल्याकडे सेबीने ही पद्धत २००१च्या जुलैत आणली. निर्देशांक १०, १५ किंवा २० टक्के हलला, की सगळा बाजार थांबतो. सेन्सेक्स आणि निफ्टी यांपैकी जो आधी हद्द ओलांडील, त्याच्यावरून निर्णय होतो. अमेरिकेत हा नियम घसरणीपुरताच आहे. आपल्याकडे तो चढणीलाही लागतो. १८ मे २००९ रोजी, लोकसभेच्या निकालांनंतरच्या सोमवारी, तेजीमुळेच बाजार दोनदा थांबला आणि दुसऱ्यांदा थांबला तो दिवसभरासाठीच. प्रत्यक्ष व्यवहार झाले ते जेमतेम मिनिटभर.

आता हा नियम कसा चालतो, ते एका प्रत्यक्ष दिवसावरून पाहू. १२ मार्च २०२० रोजी, करोनाच्या भीतीने, सेन्सेक्स ३२,७७८ वर बंद झाला. त्याची दहा टक्के हद्द येते साधारण २९,५०० ला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सव्वानऊला बाजार उघडला आणि पाचच मिनिटांत निफ्टीने दहा टक्क्यांची हद्द मोडली. दुपारी एकच्या आत दहा टक्क्यांची हद्द मोडली, तर विराम पंचेचाळीस मिनिटांचा. (एक ते अडीच या वेळात तो पंधरा मिनिटांचाच असतो आणि अडीचनंतर दहा टक्क्यांना बाजार थांबतच नाही.) पाऊण तास झाला, तरी लगेच नेहमीची खरेदीविक्री सुरू होत नाही. आधी पंधरा मिनिटे नुसत्या मागण्या गोळा करतात. कोण काय भावाने घ्यायला तयार, कोण काय भावाने द्यायला तयार. ज्या एका भावाला जास्तीत जास्त शेअर्सचा सौदा जुळेल, त्या भावाने बाजार पुन्हा उघडतो. माझ्या मते सगळ्या व्यवस्थेत ही पंधरा मिनिटेच मोलाची. घाबरलेल्या विक्रेत्याला समोर खरेदीदार आहे की नाही, हे त्यातून दिसते.

त्या शुक्रवारी खरेदीदार होता. दहा वाजून वीस मिनिटांनी व्यवहार सुरू झाले. भाव वर चढू लागले आणि संध्याकाळी सेन्सेक्स ३४,१०३ वर, म्हणजे आदल्या दिवसापेक्षाही चार टक्के वर बंद झाला. सकाळी घाईने विकून मोकळा झालेला माणूस दुपारी काय म्हणाला असेल, त्याची कल्पना करा.

पण एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. दहाच दिवसांनी, सोमवारी २३ तारखेला, दहाच्या सुमारास पुन्हा तीच हद्द मोडली. तोच पाऊण तास, त्याच पंधरा मिनिटांच्या मागण्या. या खेपेला बाजार उघडला आणि आणखी खाली गेला. २९,९१६ वरून निघालेला सेन्सेक्स २५,९८१ वर थांबला. तेरा टक्क्यांहून अधिक घसरण. नियम तोच, परिणाम उलटा. विराम वेळ देतो, भाव देत नाही. बातमी खरोखरच वाईट असेल, तर पाऊण तासाने ती चांगली होत नाही.

दुसरे सर्किट एकेका कंपनीचे. आदल्या दिवसाच्या बंद भावापासून २, ५, १० किंवा २० टक्के अशी प्रत्येक शेअरला हद्द आखून दिलेली असते. इथे व्यवहार बंद पडत नाही, हे नीट ध्यानात घ्या. हद्दीवर खरेदीदार आला, तर सौदा होतोच. पण तो येत नाही आणि विकणाऱ्यांची रांग लांबत जाते. शंभर रुपयांचा शेअर आणि वीस टक्क्यांची हद्द धरा. पहिल्या दिवशी ८०. दुसऱ्या दिवशीची हद्द ८० वरून मोजायची, म्हणून ६४. तिसऱ्या दिवशी ५१ रुपये २० पैसे. तीन दिवसांत भांडवल निम्मे आणि एकही शेअर विकता आलेला नाही! 'मी स्टॉप-लॉस लावला होता,' असे पुष्कळजण सांगतात. तो लागू होतो खरा, पण घेणारा नसला, तर तुमची मागणी रांगेत जाऊन उभी राहते, एवढेच.

ज्या शेअर्सचे वायदे चालतात, त्यांना अशी पक्की हद्द नसते. त्यांची मर्यादा भावाबरोबर सरकवली जाते. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या हिशेबातली लबाडी उघड झाली, तेव्हा सुमारे १७९ रुपयांचा शेअर एका दिवसात ४० रुपयांच्या आसपास आला. त्या दिवशी सेन्सेक्स सात टक्क्यांच्या वर पडला, पण दहाची हद्द न मोडल्यामुळे बाजार थांबला नाही. ज्यांनी विकायचे ठरवले, त्यांना विकता आले. भाव मात्र मिळेल तो.

वरच्या सर्किटातही एक फास असतो. जवळ नसलेला शेअर सकाळी विकून दुपारी परत घ्यायचा, असा बेत करणाऱ्याला शेअर वरच्या हद्दीला गेल्यावर विकणाराच सापडत नाही. दिवस संपतो, शेअर द्यावे लागणार असतात आणि ते हाती नसतात. मग बाजार ते लिलावाने मिळवतो आणि लिलावात जो भाव निघेल, त्यातला फरक त्याच्या नावावर पडतो.