‘पैवस्ती’ आणि ‘पत्र पावले’ : नुसतं ‘नोटेड’ का खुपतं

मागच्या वर्षी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी दुसऱ्या प्रकरणावर दोन पानं भरून शेरे पाठवले होते. मी फोनवरूनच उत्तर दिलं, ‘ओके मॅडम’. माझ्या मनात त्याचा अर्थ होता, ‘सगळं पटलं, कामाला लागतो’. बारा दिवस त्यांच्याकडून काहीच आलं नाही. शेवटी विभागाच्या जिन्यात भेट झाली तेव्हा त्या म्हणाल्या, “ओके म्हणजे काय रे? वाचलंस, पटलं, की राग आलाय?” मी काहीतरी कळवीन म्हणून त्या थांबल्या होत्या आणि त्या पुढचं काही सांगतील म्हणून मी. दोघांचेही बारा दिवस गेले.

गंमत अशी की त्याच दिवसांत मी अठराव्या शतकातली मराठी पत्रं वाचत होतो. या प्रश्नाचं उत्तर त्या मोडी कागदांवरच होतं, माझं लक्ष गेलं नव्हतं इतकंच.

त्या काळातलं पत्र पोचलं की दोन वेगवेगळ्या गोष्टी होत. पहिली, आलेल्या कागदावरच कारकून कोपऱ्यात किंवा पाठीवर ‘पैवस्ती’ आणि तारीख टाकी. पुष्कळदा हे नुसतं ‘पै॥’ असं आखडून लिहिलेलं असतं, पुढे ‘छ’ आणि मुसलमानी महिन्यातला चंद्र. पैवस्ती म्हणजे पोचल्याची नोंद. ती दफ्तरासाठी असे. ज्याने पत्र लिहिलं त्याला ती कधी दिसायचीच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे उत्तर. त्याचा साचा ठरलेला असे. मायना आणि क्षेमकुशल झालं की ‘तुम्ही पत्र पाठविले ते पावले’ किंवा ‘प्रविष्ट जाहले’. मग समोरच्याने काय लिहिलं होतं त्याचा सारांश, आणि त्याच्या शेवटी ‘म्हणोन लिहिले, ते कळले’. त्यानंतर ‘ऐशियास’ किंवा ‘त्यास’, आणि इथून स्वतःचं म्हणणं सुरू.

एक नमुना मीच बनवून देतो, म्हणजे रचना कळेल. समजा, एका ठाण्यावरच्या कारकुनाने कळवलं की पावसाळा तोंडावर आला, गवताची बेगमी झाली नाही आणि पैसे संपले. त्याला उत्तर जाईल ते साधारण असं : ‘तुम्ही पत्र पाठविले ते पावले. गवताची बेगमी जाहली नाही, ऐवज सरला, म्हणोन लिहिले, ते कळले. ऐशियास, ऐवज आठ दिवसांत रवाना होईल. तोवर निम्मे गवत उधार घेणे.’

यातला ‘कळले’ हा शब्द म्हणजे आपला ‘नोटेड’च. पण तो एकटा येत नाही. त्याच्या आधी काय कळलं ते असतं आणि नंतर त्याचं काय करणार ते. सारांश वाचून कारकुनाला ताडून पाहता येतं, की आपलं म्हणणं बरोबर पोचलं का. समजा, उत्तरात गवताचा उल्लेख आहे पण पैशाचा नाही, तर नेमकं काय राहिलं ते त्याला तिथेच दिसतं. नुसत्या ‘कळले’मध्ये ही सोयच नाही.

इंग्रजी अमदानीत फाइली आल्या आणि समासात ‘सीन’, ‘नोटेड’ असे शेरे पडू लागले. तेही पैवस्तीच्याच जातीचे : कचेरीने कचेरीसाठी केलेली खूण. ‘ओके’चं मूळ वेगळं आहे. २३ मार्च १८३९ रोजी बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात ते थट्टेचं संक्षिप्त रूप म्हणून छापलं गेलं. ‘ऑल करेक्ट’ मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहिण्याची ती थट्टा होती. पुढे अमेरिकेतले तारमास्तर संदेश नीट पोचल्याची खूण म्हणून ते वापरू लागले. खूण तारमास्तराने तारमास्तराला केलेली. तार ज्याने लिहिली त्याच्या मजकुराबद्दल ती काहीच बोलत नव्हती.

तर माझं म्हणणं असं आहे : ‘नोटेड’ हा शब्द थंड नाही, तो चुकीच्या माणसाकडे जातोय. जी खूण आपल्या कागदाच्या कोपऱ्यात राहायची, ती आपण पत्र लिहिणाऱ्यालाच पाठवू लागलो. ‘उद्या मीटिंग चारला’ याला ‘नोटेड’ म्हटलं तर कोणालाही काही वाटत नाही, कारण तिथे पोचणं हेच सगळं काम होतं. पण समोरच्याने प्रश्न विचारलाय, अडचण सांगितलीये किंवा मॅडमसारखे दोन तास घालवलेत, तिथे फक्त पैवस्ती परत गेली की माणूस विचारात पडतो.

त्यात मानाची पायरीही असतेच. जुन्या पत्रांत बरोबरीच्या किंवा वरच्या माणसाला लिहिताना शेवट ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा, हे विनंती’ असा होई. हाताखालच्याला नुसतं ‘जाणिजे’. एकच शब्द, पण ‘जाणिजे’ वरून खाली जाई, खालून वर नाही. आजही गाइडचं ‘नोटेड’ विद्यार्थी निमूट गिळतो. विद्यार्थ्याचं ‘नोटेड’ मात्र गाइडला टोचतं.

आता संशोधनाच्या तयारीत असलेल्यांसाठी दोन गोष्टी. एक, उत्तरातला सारांश हा खजिना आहे. मूळ पत्र हरवलेलं असलं तरी त्यात काय होतं ते ‘म्हणोन लिहिले’च्या आधी सापडतं. फक्त तो उत्तर देणाऱ्याने केलेला सारांश आहे हे विसरू नका. नको असलेली मागणी त्यातून गळूही शकते.

दुसरी गोष्ट, एखादं पत्र तुटक दिसलं म्हणून लगेच ‘संबंध बिघडले होते’ असं लिहू नका. मी लिहिलं होतं. एका पत्राला पूर्ण मायना नव्हता, क्षेमकुशल नव्हतं, एकदम मुद्दा. मी त्यावर अर्धं पान दुराव्याचं लिहून मोकळा झालो. नंतर कळलं की ती पुरवणी होती. मुख्य पत्रासोबत जाणारा जास्तीचा कागद, त्याला पूर्ण मायना नसतोच. सगळा मान मुख्य पत्रात होता आणि ते दुसऱ्या रुमालात बांधलेलं होतं. म्हणून आधी त्याच माणसाची त्याच माणसाला गेलेली आणखी आठ-दहा पत्रं पाहावीत. नेहमी चार ओळी लिहिणारा एका ओळीवर आला, तर ती बातमी. जो नेहमीच एक ओळ लिहितो, त्याच्या एका ओळीतून काही काढू नये. (व्हॉट्सअ‍ॅपवरही हेच. माझे काका वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही ‘ओके’ म्हणतात.)

जिन्यातल्या भेटीनंतर त्या रात्री मी मॅडमना नव्याने लिहिलं : ‘मॅडम, शेरे मिळाले, दोनदा वाचले. पहिल्या भागात पत्रांच्या तारखा शकात आणि इसवीत मिसळल्यात, आणि निष्कर्ष दोनच पत्रांवर उभा आहे, हे तुमचे मुख्य आक्षेप मला समजले. तारखा शुक्रवारपर्यंत दुरुस्त करतो. दुसऱ्यासाठी अजून पत्रं पाहावी लागतील, तीन आठवडे लागतील. तिसरा शेरा, कारकुनाच्या हस्ताक्षराबद्दलचा, नीट समजला नाही. सोमवारी विचारायला येऊ का?’

पाच ओळी. लिहायला सहा मिनिटं लागली, त्यातली चार तर तिसरा शेरा आपल्याला समजलाच नाहीये हे कबूल करण्यात गेली. सारांश लिहायला बसलो नसतो तर ते माझ्या ध्यानातही आलं नसतं. ‘ओके’खाली ते आरामात झाकलं गेलं होतं.

दहा मिनिटांत मॅडमचं उत्तर आलं : ‘बरं. ये.’